घरच्या कारखान्यातला नऊ खान्यांचा तक्ता: वारस ठरवताना आडनाव कुठून आत शिरतं?

थोरल्या मालकांनी मार्कर हातात घेतला आणि पुतण्याचं नाव उजवीकडच्या सगळ्यात वरच्या खान्यात लिहिलं. मग खोलीतल्या बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "हं, आता तुम्ही सांगा." सांगायला काही उरलंच नव्हतं. पुढच्या पाऊण तासात दहा नावं लागली आणि एकावरही वाद झाला नाही. मार्कर मीच त्यांच्या हातात दिला होता, त्यामुळे तो तक्ता वाया गेला याचा दोष माझ्याकडे.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या फाउंड्री आणि मशिन शॉपमध्ये मी मनुष्यबळाचं काम बघतो. खाली एका कारखान्याचं उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. ते दोन-तीन ठिकाणचे अनुभव जोडून बांधलेलं आहे आणि आकडे बदललेले आहेत, पण गुंता तोच आहे. गोकुळ शिरगावच्या बाजूची फाउंड्री, अडीचशेच्या आसपास माणसं, दोन भाऊ मालक. थोरले सदुसष्ट वर्षांचे. कारखाना प्रमुख दोन वर्षांनी निवृत्त होणार. त्या खुर्चीसाठी तीन नावं: मशिनिंग आणि मार्केटिंग बघणारा धाकट्या मालकांचा मुलगा, वय एकतीस, प्रॉडक्शन मॅनेजर, वय सेहेचाळीस, डिप्लोमा, आणि क्वालिटी प्रमुख बाई, वय अडतीस, मेटलर्जीच्या इंजिनिअर.

तक्ता बहुतेकांनी पाहिलेला असतो. आडव्या रेषेवर आजची कामगिरी, उभ्या रेषेवर पुढची कुवत, दोन्हीकडे कमी-मध्यम-जास्त असे तीन टप्पे, म्हणून नऊ खाने. याचं मूळ 1970 च्या दशकातलं. जनरल इलेक्ट्रिकसाठी मॅकिन्झीने असाच नऊ खान्यांचा तक्ता केला होता, पण तो माणसांसाठी नव्हता. कंपनीच्या कोणत्या धंद्यात पैसा घालायचा आणि कोणत्यातून काढायचा, हे ठरवायला होता. माणसं त्यात नंतर आली. धंद्यांना काका नसतो, ही अडचण मूळ तक्त्यात कधी आलीच नाही.

आधी खुर्ची, मग नावं

घरच्या कंपनीत वारस हा शब्द तीन गोष्टींसाठी वापरला जातो: शेअर कोणाकडे जाणार, संचालक मंडळावर कोण बसणार आणि रोज सकाळी कारखाना कोण चालवणार. तक्ता फक्त तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. शेअर मृत्युपत्राने, वारसाहक्काने किंवा घरातल्या लेखी कराराने जातात. हे वेगळं सांगितलं नाही तर धाकटे मालक तक्त्याकडे वाटणीचा कागद म्हणून बघतात आणि मुलाचा एकेक खाना भांडून घेतात.

म्हणून पहिल्याच बैठकीत एक प्रश्न सरळ विचारा: "ही खुर्ची घरच्यासाठी राखून ठेवली आहे का?" हो म्हणाले तर ती खुर्ची तक्त्यातून काढा आणि बाकीच्यांना तसं सांगा. राखीव खुर्चीसाठी स्पर्धा लावली की चांगली माणसं वर्षभरात दुसरीकडे जातात, आणि जाताना कारण सांगत नाहीत.

राखीव ठेवायला किंमत असते हेही मालकांना ठाऊक असावं. डेन्मार्कमधल्या कंपन्यांवर 2007 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कंपनीचा मुख्याधिकारी घरातून नेमला तर मालमत्तेवरचा नफा बाहेरचा नेमण्याच्या तुलनेत किमान चार टक्के अंकांनी घसरला, असं त्यात निघालं. तिथल्या संशोधकांनी युक्ती अशी केली की पहिलं अपत्य मुलगा असेल तर खुर्ची घरात राहण्याची शक्यता वाढते, याचाच आधार घेऊन कारण आणि परिणाम वेगळे केले. म्हणजे डेन्मार्कमध्येही थोरल्या मुलाचं कौतुक आहे.

आमच्या उदाहरणात थोरले म्हणाले, "कारखाना प्रमुख कोणीही होऊ दे, चेअरमन घरचा." हे उत्तर चांगलं होतं, कारण त्यामुळे तक्त्यावर कोणती खुर्ची आहे ते ठरलं.

आता त्या खुर्चीला तीन वर्षांनी काय लागेल ते लिहा. आत्ता बसलेल्या माणसाचं वर्णन नको. दोन्ही मालक आणि निवृत्त होणारे प्रमुख यांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं, मग एकत्र केलं, आणि चार ओळी उरल्या. दुसरी फर्नेस येणार, तेव्हा न शिकलेली प्रक्रिया शिकून उभी करता येणं. तिन्ही शिफ्टची माणसं आणि ठेकेदार सांभाळणं. गिऱ्हाईक ओरडत असताना खराब माल गेटवर अडवणं. चौथी ओळ निवृत्त होणाऱ्या प्रमुखांची होती: मालकांना नाही म्हणता येणं. थोरले हसले, पण ओळ राहिली.

कामगिरी: आकडा कोणाचा आहे ते सोलून बघा

घरच्या माणसाला मिळालेलं काम आणि बाहेरच्याला मिळालेलं काम सारखं नसतं. नवीन मशिन, जुनं भरवशाचं गिऱ्हाईक, बँकेत ओळख, चूक झाली तर झाकायला काका. त्यामुळे आकडा मांडायच्या आधी त्यातलं वारशानं आलेलं बाजूला काढावं लागतं.

पुतण्याच्या मशिनिंग विभागाची विक्री दोन वर्षांत 18 कोटींवरून 23.4 कोटींवर गेली होती. तीस टक्के वाढ, म्हणून कामगिरी 'जास्त'. मी सेल्स रजिस्टर घेऊन अकाउंटंटबरोबर बसलो. वाढलेल्या 5.4 कोटींपैकी 3.9 कोटी एका जुन्या गिऱ्हाइकाचे होते. त्यांनी कच्च्या कास्टिंगऐवजी मशिनिंग करून माल घ्यायचं ठरवलं, आणि त्या करारावर थोरल्यांची सही पुतण्या रुजू होण्याआधीची होती. आणखी 60 लाख कच्च्या मालाचे भाव वाढले म्हणून दर वाढले त्याचे. उरले 90 लाख. ते दोन नवीन गिऱ्हाइकांचे, आणि ती दोन्ही त्यानेच शोधली होती. म्हणजे स्वतःची वाढ 18 कोटींवर पाच टक्के. वाईट अजिबात नाही, पण तीसही नाही. खाना 'मध्यम'.

हीच चाळणी सगळ्यांना लावायची, नाहीतर घरच्यांवर सूड उगवल्यासारखं होतं. क्वालिटी बाईंच्या काळात रिजेक्शन 7.2 टक्क्यांवरून 4.6 वर आलं होतं. पण मधेच नवीन सँड प्लांट बसला होता. महिनेवार तक्ता काढला तर सँड प्लांट सुरू होण्याआधीच आकडा 6.1 पर्यंत उतरलेला होता, पुढची घसरण दोघांची मिळून. त्यांचा खाना 'जास्त'च राहिला, पण आता तो का तिथे आहे ते कोणालाही दाखवता येत होतं. प्रॉडक्शन मॅनेजरचा आकडा तीन वर्षं सरळ रेषेत चांगला होता, त्यात सोलायला फारसं काही सापडलं नाही.

तीन वर्षं का? आपल्याकडे अप्रेझल मार्चअखेरीच्या धावपळीनंतर होतं, आणि गुण देणाऱ्याला जानेवारीपासूनचंच आठवतं. मार्चमध्ये ज्याच्याकडून डिस्पॅच अडला तो वर्षभर वाईट ठरतो.

कुवत: इथेच सगळं बिघडतं

कामगिरीला निदान रजिस्टर असतं. कुवतीला काहीच नसतं, म्हणून रिकाम्या जागेत गुण देणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेलं चित्र जाऊन बसतं. या कारखान्यातल्या पहिल्या फेरीचे शेरे मी उतरवून घेतले होते. पुतण्यासाठी: "घरचा आहे, रक्तातच आहे." प्रॉडक्शन मॅनेजरसाठी: "माणूस सोन्यासारखा, पण डिप्लोमा. इंग्रजीत बोलायला लाजतो." बाईंसाठी: "हुशार आहेत, पण घर बघायचं असतं, जादा शिफ्टला थांबायचं कसं?" तीन शेरे, आणि एकातही चार ओळींपैकी कशाचाही उल्लेख नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे नीट मोजलं गेलेलं आहे. बेन्सन, ली आणि शू या तिघा संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतली, नऊ खान्यांच्याच पद्धतीची रेटिंग तपासली. स्त्रियांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त होते, कुवतीचे कमी. पुढे त्याच स्त्रियांनी आधी वर्तवलेल्या कुवतीपेक्षा चांगलं काम करून दाखवलं, तरी पुढच्या वर्षी कुवतीचे गुण पुन्हा कमीच पडले. बढतीतल्या तफावतीचा मोठा वाटा या एकाच रकान्यातून येत होता. हजारो माणसांच्या, सगळं लेखी असणाऱ्या कंपनीत ही गत. आपल्याकडे तर गुण देणारा आणि सून कशी असावी हे ठरवणारा पुष्कळदा एकच माणूस असतो.

उपाय एकच मला कामाला आलेला आहे: कुवतीला विशेषण चालणार नाही, प्रसंग लागेल. खुर्चीच्या प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, की हे या माणसानं कधी केलं, कुठे, आणि कोणी पाहिलं. प्रसंग नसेल तर 'कमी' लिहायचं नाही, 'संधी मिळाली नाही' असं लिहायचं. या दोन शेऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बाहेरच्या माणसांच्या कागदावर दुसराच जास्त वेळा येतो.

प्रॉडक्शन मॅनेजरचा प्रसंग कोणाच्याच लक्षात नव्हता, तो डिस्पॅचच्या क्लार्कने काढला. जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याकडची वाहतूक बंद पडली. पाणी चढतंय हे बघून या माणसानं दोन दिवस आधीच तयार कास्टिंगच्या गाड्या पुराच्या पलीकडच्या बाजूला भाड्याच्या गोदामात हलवल्या होत्या. गोदामाच्या भाड्याला धाकट्या मालकांनी नकार दिला होता. त्यानं थोरल्यांना फोन करून परवानगी मिळवली. शिफ्ट सांभाळणं आणि मालकांना नाही म्हणणं, दोन ओळी एका प्रसंगात. इंग्रजीचं काय? चार ओळींत इंग्रजी नव्हतं. खरंच लागत असेल तर पाचवी ओळ म्हणून लिहा आणि सगळ्यांना लावा, असं मी म्हटलं. कोणी लिहिली नाही.

बाईंच्या "थांबणार कशा"साठी मी विचारलं, की बोलावलं आणि आल्या नाहीत असं किती वेळा झालं? कोणालाच सांगता येईना. मग गेटवरचं रजिस्टर मागवलं. मागच्या वर्षात देखभालीसाठी नऊ रविवार शटडाउन घेतलं होतं, आणि नऊच्या नऊ रविवारी त्यांची सही होती. त्याच रजिस्टरमध्ये पुतण्याच्या दोन. यावरून पुतण्या आळशी ठरत नाही, मशिनिंगचं काम वेगळं असतं. पण शेरा ज्याच्यावर मारला जायला हवा होता त्याच्यावर मारलाच गेला नव्हता, एवढं त्यातून दिसलं.

पुतण्याला कुवतीत काय मिळालं? ती 90 लाखांची दोन गिऱ्हाइकं. पैकी एकासाठी तो स्वतः फिक्स्चरचं डिझाइन शिकून घेऊन बसला होता. न शिकलेलं शिकून उभं करणं या ओळीपुढे हा भरभक्कम प्रसंग आहे. "रक्तातच आहे" या शेऱ्यानं त्याचंही नुकसानच केलं होतं, कारण त्याचं स्वतःचं कर्तृत्व त्याखाली झाकलं गेलं. बाकी तीन ओळींपुढे लिहिलं: संधी मिळाली नाही.

गुण कोणी द्यायचे आणि बैठक कशी चालवायची

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यवस्थापकांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्यांनी दिलेले गुण तपासले होते. गुणांतला निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे पडत होता. म्हणजे एकानेच सगळ्यांना गुण दिले तर तक्त्यात सगळ्यात जास्त तोच माणूस दिसतो. घरच्या कंपनीत तो एक माणूस म्हणजे थोरले.

म्हणून प्रत्येकाला किमान तिघांनी गुण द्यावेत, त्यातला एक घराबाहेरचा हवाच. बाप मुलाला, काका पुतण्याला, सासरा सुनेला गुण देणार नाही. त्यांनी प्रसंग सांगावेत, गुण नकोत. तीन उमेदवारांनी एकमेकांना गुण द्यायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे निवृत्त होणारे प्रमुख, बाहेरचे सल्लागार चार्टर्ड अकाउंटंट आणि पूर्वी एका गिऱ्हाईक कंपनीत सप्लायर क्वालिटी बघणारे एक निवृत्त गृहस्थ असे तिघं धरले. थोरल्यांनी बाकी आठ जणांना गुण दिले, पुतण्याला नाही. धाकटे नाराज झाले. "माझ्या पोराला परक्यांनी तोलायचं का, दादा?" असं बैठकीतच म्हणाले. थोरले म्हणाले, "आपण तोललं तर काटा कोण खरा मानील?" मला हे सुचलं नसतं.

गुण बैठकीच्या दोन दिवस आधी लिहून बंद पाकिटात द्यायचे. बैठकीत पाकिटं फोडून सगळ्यांचे आकडे एकदम फळ्यावर लिहायचे, सरासरी काढायची नाही. जिथे तिघांचे आकडे जुळतात तिथे दोन मिनिटं, जिथे एक टप्पा वर-खाली आहेत तिथे पंधरा मिनिटं. वयानं आणि पदानं सगळ्यात लहान असेल त्यानं आधी बोलायचं, थोरल्यांनी शेवटी. आणि मार्कर मालकाच्या हातात द्यायचा नाही.

बैठक बिघडते आहे हे कळायच्या खुणा सोप्या आहेत. थोरल्यांनी घसा खाकरला की आकडा बदलतो. एका माणसाबद्दल प्रसंग मागितला जातो आणि दुसऱ्याबद्दल नुसतं "ते आहेच की" चालतं. किंवा चहाला उठल्यावर खाना बदललेला असतो. अशा वेळी थांबून मूळ पाकीट दाखवावं, वाद घालू नये.

ठराविक टक्के माणसं वरच्या खान्यात, ठराविक खालच्या, असलं बंधन अकरा माणसांच्या तक्त्याला लावू नका. अकरा जणांत दहा टक्के म्हणजे एक माणूस, आणि तो बळीचा बकरा कोण ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

तक्ता झाल्यावर उलटा तपासा

सारख्या कामगिरीची माणसं एकत्र काढा आणि त्यांची कुवत बघा. आमच्या पहिल्या, वाया गेलेल्या तक्त्यात 'जास्त' कामगिरीचे सहा जण होते. त्यातले घरचे किंवा घरच्या नात्यातले तीन, आणि तिघांची कुवतही 'जास्त'. बाहेरचे तीन, त्यांच्यात एकाचीही नाही. सहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, योगायोगही असू शकतो. पण एवढं दिसलं की त्या सहांचे प्रसंगांचे कागद पुन्हा उघडायचे. हीच तुलना बाई-पुरुष, आणि मालकांच्या केबिनशेजारी बसणारा आणि शॉपफ्लोअरवरचा अशीही करा. शेवटची मला फार वेळा सापडते. रोज बरोबर चहा पिणाऱ्याची कुवत आपोआप वाढत जाते.

दुसरी तपासणी: प्रसंगांचा कागद नाव, शिक्षण, नातं झाकून तिसऱ्याच माणसाला वाचायला द्या. लहान कारखान्यात फर्नेस म्हटलं की नाव कळतं, म्हणून हा कागद कारखान्याबाहेरच्यालाच द्यावा लागतो. त्याच्या आणि तुमच्या खान्यात फरक पडला तर कोणत्या वाक्यामुळे पडला ते विचारा.

दुसऱ्या फेरीत प्रॉडक्शन मॅनेजर कामगिरी जास्त, कुवत जास्त. क्वालिटी बाई कामगिरी जास्त, कुवत मध्यम, कारण ठेकेदार आणि शिफ्ट हाताळण्याची संधीच मिळाली नव्हती. पुतण्या दोन्हीकडे मध्यम.

यातून लगेच नेमणूक करायची नाही. 'संधी मिळाली नाही' लिहिलेल्या प्रत्येक ओळीसाठी मुदतीचं काम द्यायचं. बाईंना सहा महिने मोल्डिंग आणि कोअर शॉप, ठेकेदारांच्या बिलांवर सहीसकट. पुतण्याला दुसऱ्या फर्नेसच्या उभारणीत प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली. 'मदतीला' असं लिहिलं तर तो केबिनमध्येच बसेल, म्हणून ऑर्डरवर 'हाताखाली' असाच शब्द घातला. प्रॉडक्शन मॅनेजरला महिन्यातून एकदा मालकांबरोबर बँकेच्या बैठकीला.

माणसाला खाना सांगू नका, ओळ सांगा. "तुमची कुवत मध्यम" ऐकलेला माणूस ते दहा वर्षं विसरत नाही. "ठेकेदारांचं काम तुमच्याकडे कधी आलं नाही, ते सहा महिने घ्या" हे त्याला उपयोगी पडतं. फळ्याचे फोटो काढू देऊ नका, व्हॉट्सअॅपवर दुपारपर्यंत फाउंड्रीभर होतात. बोनस आणि कपातीसाठी हा तक्ता वापरलात तर पुढच्या वर्षी पाकिटात खरं कोणी लिहिणार नाही.

मूळ पाकिटं, प्रसंगांचे कागद आणि दिलेल्या कामांची यादी एका फाइलमध्ये चार्टर्ड अकाउंटंटकडे ठेवली आहे. बारा महिन्यांनी ती उघडायची. आधी 'संधी मिळाली नाही' या ओळींपुढे काय घडलं ते भरायचं, गुण त्यानंतर. फर्नेसचा पाया पावसाळ्यामुळे दीड महिना लांबला आहे, म्हणून पुतण्याची ओळ बहुधा अर्धीच भरली जाईल. धाकट्यांना हे आत्ताच सांगून ठेवलं आहे.